फिजिओथेरपीला न आलेल्या पेशंटला मेसेज कसा लिहू?

रिसेप्शनवरची
बेळगावात एका छोट्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये फोन, वेळा आणि पावत्या मी बघते. मी फिजिओ नाही, हे आधीच सांगते, नाहीतर मला कंबरेचे एक्सरे पाठवाल.

एक पेशंट आहेत, ६३ वर्षांच्या. खानापूरच्या पुढच्या एका गावातून येतात. उजवा गुडघा बदललाय. गेल्या गुरुवारी आल्या होत्या, काल सोमवारी सकाळी साडेनऊची वेळ होती, आल्या नाहीत. फोन बंद. अशा वेळी आमच्याकडून एक ठरलेला इंग्रजी मेसेज जातो: तुम्ही अपॉइंटमेंट चुकवली आहे, पैसे परत मिळणार नाहीत, नवीन वेळेसाठी संपर्क साधा. तो मी थांबवला आणि मराठीत लिहायला बसले. झालं ते असं:

"प्रिय रुग्ण, आपण सोमवारच्या सत्रास अनुपस्थित होता. उपचारांत खंड पडू नये यासाठी आपण लवकरात लवकर नवीन वेळ आरक्षित करावी ही नम्र विनंती."

नम्र विनंती लिहूनसुद्धा शाळेतून पालकांना चिठ्ठी गेल्यासारखं वाटतंय. कसं लिहू?

कुंदा_चालेल
'प्रिय रुग्ण' वाचूनच माझा गुडघा दुखायला लागला.

अथणी_एक्सप्रेस
मला यात एवढं हळवं होण्यासारखं काही दिसत नाही. साडेनऊची वेळ त्यांनी अडवली, दुसरा कोणी आला असता. सरळ लिहा की व्यायाम बुडवला तर गुडघा जाम होतो आणि परत ऑपरेशन करावं लागतं. आणि १०० रुपये दंड लावा. आपल्या लोकांना भीती दाखवल्याशिवाय कळत नाही.

निपाणीचा_नातू
मलाही असाच मेसेज आला होता. खांद्याचं आहे, हात वर जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. तीन वेळा बुडवलं. आता परत जाऊ का नको? वेळ मिळेल का?

रिसेप्शनवरची
दादा, तुम्ही आमचे पेशंट नाही बहुतेक :) पण एक विचारते. पहिल्यांदा बुडवल्यावर मेसेज आला, तेव्हा उत्तर का दिलं नाही?

निपाणीचा_नातू
खरं सांगू? काय लिहायचं तेच कळेना. मेसेजमध्ये "कारण कळवावे" होतं. कारण असं की घरी सांगितलेला व्यायाम केलाच नव्हता, तर तिकडे जाऊन काय दाखवू. मग दुसरी वेळ बुडाली, मग लाज वाटायला लागली, मग तो नंबर दिसला की मी फोन उलटा ठेवायचो.

वाकवा_हळूहळू
मी फिजिओ आहे, १८ वर्षं झाली. निपाणीकरांनी सांगितलं ते आमच्या रजिस्टरमध्ये दिसत नाही, म्हणून आधी त्यांना धन्यवाद. पहिला दिवस बुडतो तो पावसाने, पाहुण्याने, बसने. पुढचे बहुतेक लाजेने बुडतात. म्हणून तुमच्या मेसेजने एकच काम करायचं, उत्तर देणं सोपं करायचं. कारण विचारायचं ते समोर आल्यावर, किंवा फोनवर.

अथणीकर, तुमचं निम्मं बरोबर आहे. पहिले सहा आठवडे महत्त्वाचे असतात. आत व्रण भरत असतो, तेवढ्या काळात गुडघा वाकवत राहिला तर पुढचं सोपं जातं. पण एक दिवस बुडाला म्हणून गुडघा जाम होत नाही, आणि परत ऑपरेशन तर लांबची गोष्ट. सहा आठवड्यांनंतरही ९० डिग्रीपर्यंत वाकत नसेल, तर सर्जन कधी कधी भूल देऊन गुडघा वाकवून देतात. त्यात गुडघा पुन्हा उघडत नाहीत. आणि हे मेसेजमध्ये लिहायचं नसतंच. जिला दुखतंय म्हणून ती आली नाही, तिला आणखी दुखण्याची भीती घातली तर ती येईल का?

रिसेप्शनवरच्या ताई, दोन गोष्टी सांगा. ऑपरेशनला किती दिवस झाले? आणि गुरुवारी किती वाकत होता?

रिसेप्शनवरची
सोमवार धरला तर १९ वा दिवस. गुरुवारी मॅडमनी तो दोन पट्ट्यांचा प्लॅस्टिकचा कोनमापक लावला होता, फाईलवर लिहिलंय: वाकणं ७८, सरळ व्हायला ८ कमी. म्हणजे पाय पूर्ण सपाट होत नाही, ८ डिग्री वर राहतो, असं मॅडमनी मला समजावलं.

वाकवा_हळूहळू
७८ म्हणजे थोडं मागे आहे, घाबरण्यासारखं नाही. सपाट रस्त्यावर चालायला साठ-सत्तर पुरतं, म्हणून माणसाला वाटतं की झालं आता. जिना उतरायला ९० ते १०० लागतात, खुर्चीतून हात न टेकता उठायला तेवढेच किंवा थोडे जास्त. त्या बाई घरात चालत असतील, तर "मी बरी आहे" असं त्यांना मनापासून वाटत असेल.

पण मेसेजच्या आधी एक काम. फोन बंद आहे ना? घरातल्या दुसऱ्या नंबरवर आजच फोन करा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात पेशंट अचानक आला नाही, की मी आधी पोटरीचं विचारतो. पोटरी सुजून दुखत असेल तर रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ताप, जखमेतून पाणी, दम लागणं यातलं काही असेल तर आमच्याकडची वेळ राहू दे, आधी सर्जनला फोन. न येण्याचं कारण आळसच असतं असं धरून चालू नये.

रिसेप्शनवरची
हे डोक्यातच आलं नव्हतं. करते.

सोनारगल्ली_आक्का
मेसेजमध्ये एक ओळ घाला की तोपर्यंत गुडघ्याखाली जाड उशी ठेवून पडून राहा. माझ्या सासूबाईंना त्यानेच आराम पडला होता, डॉक्टरकडे जायची गरजच पडली नाही.

वाकवा_हळूहळू
आक्का, आराम पडतो हे खरं, आणि तिथेच फसगत होते. उशीवर गुडघा थोडा वाकलेला राहतो, त्यात दुखत कमी. पण रात्रभर तसाच राहिला की तो तसाच राहायला शिकतो, मग पाय सरळ होत नाही आणि माणूस लंगडतो. उशी ठेवायचीच तर टाचेखाली ठेवा, टॉवेलची गुंडाळी करून, गुडघा अधांतरी. त्याच्या वजनानेच तो खाली बसतो. पाच-दहा मिनिटं, दिवसात तीन-चार वेळा. थोडं ओढल्यासारखं वाटतं, तेच हवं असतं.

सोनारगल्ली_आक्का
सासूबाई अजून लंगडतात. मी त्याला वय म्हणत होते.

खानापूरकरीण
साडेनऊची वेळ कोणी दिली त्यांना? रागावू नका, पण बेळगावात बसलेल्यांना हे दिसत नाही. साडेनऊला क्लिनिकमध्ये पोचायचं तर आठच्या आसपासची गाडी धरावी लागते. त्या गाडीत कॉलेजची पोरं, ऑफिसवाले, आणि २०२३ च्या जूनपासून बायकांना बस फुकट झाल्यापासून तर पाय ठेवायला जागा नाही. योजना चांगलीच आहे, माझी आई त्यावरच माहेरी जाते. पण नवीन गुडघा घेऊन त्या गर्दीत उभं राहायचं? आणि आधी चढायचं कसं? बसची पहिली पायरी बघा किती उंच असते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनवाला आधी, हे मला आईच्या वेळी शिकवलं होतं. पण मागून वीस माणसं ढकलत असताना कोण आधी नि कोण नंतर!

साडेदहा ते एकच्या मधल्या गाड्या मोकळ्या असतात. त्यांना बाराची वेळ देऊन बघा.

रिसेप्शनवरची
साडेनऊची वेळ मीच दिली होती. आमची सकाळ रिकामी असते म्हणून. बारा ते एक मॅडमचं जेवण असतं, पण विचारते.

चंदगडी_काजू
आमच्याकडची माणसं पण बेळगावलाच येतात दवाखान्याला, कोल्हापूर लांब पडतंय. एक सांगतो, मेसेज कुणाच्या फोनवर जातोय ते बघा की. आमच्या घरात फोन नातवाकडं. तो मेसेज वाचतोय, 'ओके' टाकतोय, आणि आजीला सांगायचं विसरतोय. क्लिनिकला वाटतंय पेशंटनं ओके म्हटलं.

कुंदा_चालेल
आमचा नातू 'ओके' पण नाही, नुसता अंगठा टाकतो.

रिसेप्शनवरची
फोन लागला, मुलाचा. ताप नाही, पोटरी ठीक, जखम कोरडी आहे. सून म्हणाली, "गुरुवारी तिथं लई दुखलं, त्या म्हणतात आता नको." आणि गाडीत जागा मिळाली नाही, उभ्या राहिल्या, हेही खरं निघालं. मावशींचा स्वतःचा फोन चार्जिंगला लावायचा राहिला होता, एवढंच.

आता दुसरा मसुदा:

"नमस्कार मावशी, मी क्लिनिकमधून बोलतेय. सोमवारी तुमची वाट बघितली. बुधवारी दुपारी १२ किंवा गुरुवारी साडेबारा, यातली कुठली वेळ जमेल? दोन्ही जमत नसतील तर तसं सांगा, दुसरी बघू. गुडघ्याचं ऑपरेशन नवीन आहे, तेव्हा गाडीत सांभाळून या."

शाळामास्तर_निवृत्त
भाषा बरी झाली. दोन हरकती. एक, 'वाट बघितली' यात प्रेम आहे तसा आरोपही आहे. आमची आई "वाट बघत होते हो" म्हणायची, तेव्हा आम्ही आठवडाभर मान खाली घालून असायचो. दोन, सगळ्यांना मावशी म्हणू नका. माझी बहीण मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, तिला कुठल्या दवाखान्यात कोणी मावशी म्हटलं की ती तिथून उठते. गावात मावशी चालतं, टिळकवाडीत बाई किंवा मॅडम.

खानापूरकरीण
मला 'वाट बघितली' आवडलं. निदान कुणीतरी बघितली. आम्हाला नवरे पण बघत नाहीत.

वाकवा_हळूहळू
'सोमवारी भेट झाली नाही' असं लिहिलं तर कोण आलं नाही हे त्यात येतच नाही, माझं मत तिकडे. पण हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न.

शेवटची ओळ मात्र काढा. गुडघा, ऑपरेशन हे शब्द मेसेजमध्ये नकोत. चंदगडकर म्हणाले तसं फोन कुणाच्याही हातात असतो. गुडघ्याचं लपवण्यासारखं काही नाही, पण हाच साचा उद्या तुम्ही बाळंतपणानंतर लघवी सांभाळता येत नाही म्हणून येणाऱ्या बाईला पाठवाल. ते दिराच्या फोनवर दिसलं तर ती परत कधी येणार नाही.

दोन वेळा दिल्यात हे उत्तम. "कधी येता?" विचारलं की माणूस "बघून सांगतो" म्हणतो आणि तिथेच संपतं.

निपाणीचा_नातू
"दोन्ही जमत नसतील तर तसं सांगा" ही ओळ मला आली असती तर मी उत्तर दिलं असतं.

टोपीवाला_शहापूर
मराठीतच का? आमच्या शेजारच्या अज्जी कन्नड बोलतात, त्यांना हे काय कळणार? आणि मराठी पेशंटला कन्नड मेसेज आला तर तोही तक्रार करतो. २०१४ ला गावाचं नाव बदललं तेव्हापासून माझ्या पत्रांवर तीन प्रकारचं बेळगाव येतंय.

मॉडरेटर
सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे, तिकडे १४०० प्रतिसाद आहेत, सावकाश वाचा. इथे गुडघ्यावर या.

रिसेप्शनवरची
टोपीवाले, फाईलवर भाषेचा रकाना आजच केला. आमच्याकडे निम्मे पेशंट कन्नड बोलणारे आहेत. फोनवर मी "आराम इद्दीरेन री?" म्हणून सुरुवात करते, कन्नड तेवढंच बरं येतं, पण त्यावर समोरचा मोकळा होतो. पुढचं मॅडम बोलतात.

सोनारगल्ली_आक्का
वाचता न येणाऱ्यांचं काय? माझ्या आईला मोबाईलवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत. तिला आवाज पाठवला की ती चार वेळा ऐकते, आणि शेजारणीला पण ऐकवते.

रिसेप्शनवरची
तेच केलं शेवटी. मुलाच्या फोनवर लिहून पाठवलं आणि मावशींच्या फोनवर आवाज. पंचवीस सेकंदांचा झाला. गेलेला मजकूर असा:

"नमस्कार मावशी, मी क्लिनिकमधून बोलतेय, त्या दारातल्या टेबलावरची. सोमवारी भेट झाली नाही. येताना गाडीत त्रास झाला असं कळलं, म्हणून दुपारची वेळ ठेवलीय. बुधवारी बारा नाहीतर गुरुवारी साडेबारा, कुठली ठेवू? दोन्ही नको असतील तरी सांगा. गेल्या वेळी जास्त दुखलं ते मॅडमना सांगितलंय, यावेळी आधी त्याबद्दल बोलू. मधे काही वेगळा त्रास वाटला तर आमच्या वेळेसाठी थांबू नका, तुमच्या मोठ्या डॉक्टरांना फोन करा."

गुडघा हा शब्द कुठेच नाही. बारकाईने बघितलं.

अथणी_एक्सप्रेस
पंचवीस सेकंद लाड. माझं मत कायम आहे, पण बघूया.

वाकवा_हळूहळू
"गेल्या वेळी जास्त दुखलं ते मॅडमना सांगितलंय" याला माझे पूर्ण मार्क. त्याचं पुढे काही करा मात्र. सर्जननी दिलेली दुखण्याची गोळी त्या कधी घेतात ते विचारा. बरेच जण ती आमच्याकडून घरी गेल्यावर घेतात. डॉक्टरांना विचारून ती यायच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतली तर वाकवताना निभतं.

आता उत्तर आलं नाही तर दुसरा मेसेज नको. उद्या संध्याकाळी एक फोन. तिसऱ्यांदा मागे लागायचं नाही.

कुंदा_चालेल
माझ्या मेव्हण्याच्या दातांच्या डॉक्टरकडून अजून वाढदिवसाचे मेसेज येतात. दात २०१९ ला काढला.

चंदगडी_काजू
आमच्या बँकेकडनं पण येतात. कर्ज देताना कुणी वाढदिवस विचारला नव्हता.

रिसेप्शनवरची
दोन दिवसांनी परत आले. बुधवारी रात्री मावशींचा उलट आवाज आला, मागे कुकरच्या शिट्ट्या: "पोरी, गुरुवार साडेबारा ठेव. पण हळू करा म्हणावं."

आज आल्या. गाडीत बसायला जागा मिळाली. मॅडमनी मोजलं: वाकणं ७४, सरळ व्हायला १२ कमी. म्हणजे दोन्हीकडून मागे गेलं. मला वाटलं एक दिवस चुकल्याने एवढं? मॅडमनी घरी पाय कसा ठेवता विचारलं, तर सून म्हणाली, "गुडघ्याखाली उशी. दिवसभर तशीच असते." सोनारगल्ली आक्का, तुमची आठवण काढली.

आता उशी बंद, टॉवेल टाचेखाली. आणि मॅडमनी घरी करायला एकच दिलंय. खुर्चीत बसायचं, पाऊल फरशीवर मागे सरकवत न्यायचं, जिथे अडेल तिथे अंगठ्यासमोर खडूची रेघ. रोज एक रेघ, तारीख टाकून. नडगी सरळ उभी दिसली की ९० जवळ आलं असं समजायचं. मांडी खुर्चीवरून उचलली तर ती रेघ धरायची नाही, कारण मावशी कंबर उचलून फसवतात, हे मॅडमनी लगेच पकडलं.

वाकवा_हळूहळू
चार-सहा डिग्रीचा फरक मोजण्यातही पडतो, दुसऱ्या हाताने मोजलं तर हमखास. पण दोन्हीकडे कमी झालंय आणि उशीचं कारण सापडलंय, तेव्हा ते खरं मानायला हरकत नाही. पुढच्या आठवड्यात काय येतं ते बघा.

निपाणीचा_नातू
मी माझ्या क्लिनिकला स्वतःच मेसेज केला. "दोन वेळा सांगा" असं लिहिलं. त्यांनी एकच सांगितली, सकाळी साडेआठ.

खानापूरकरीण
जा गप. निपाणीतल्या निपाणीत तर जायचंय.

अथणी_एक्सप्रेस
माझा मूळ प्रश्न राहिलाच. सोमवारच्या साडेनऊचं नुकसान कोणी भरायचं? चांगुलपणाने भाडं निघत नाही.

रिसेप्शनवरची
तुमचं चूक नाही. मॅडमनी त्यांचे त्या दिवसाचे पैसे लावले नाहीत, पण दोनदा-तीनदा कोणी बुडवलं तर काय करायचं यावर आमच्यात अजून वाद आहे. दहा वेळांचे पैसे आगाऊ घेतलेले असतात, त्यातली एक कापायची की नाही? मी म्हणते आदल्या दिवशी कळवलं तर नाही, मॅडम म्हणतात आपले पेशंट शेतातले आहेत, पाऊस आदल्या दिवशी कळवून येत नाही.

शाळामास्तर_निवृत्त
कळवून येणारा पाऊस खानापुरात तरी कुणी बघितला नाही. आदल्या दिवसाऐवजी त्याच दिवशी सकाळी आठपर्यंत ठेवा.

रिसेप्शनवरची
हे मॅडमना सांगते.

मंगळवारचं सांगायचं राहिलं: ८६, सरळ व्हायला ७ कमी. सुनेने फरशीचा फोटो पाठवलाय, पाच रेघा आहेत आणि सहावीच्या जागी चहाचा कप ठेवलाय.